पन्नास केबीतला चेहरा

बँकांमधल्या लिपिक आणि अधिकारी पदांची सामायिक परीक्षा घेणारी आयबीपीएस ही संस्था मुंबईत, कांदिवली पूर्वेला आहे. तिची जाहिरात बरीच लांबलचक असते. पदं, वयोमर्यादा, आरक्षण, परीक्षा केंद्रं हे सगळं उमेदवार बारकाईने वाचतात. शेवटी फोटो आणि सही स्कॅन करण्याच्या सूचना असतात, त्या मात्र फॉर्म भरताना लाल अक्षरांत चूक दाखवली गेल्यावरच वाचल्या जातात. फोटोबद्दलचा मजकूर थोडक्यात असा: अलीकडचा, रंगीत, पासपोर्ट पद्धतीचा फोटो, पार्श्वभूमी फिकट, शक्यतो पांढरी, आकार ४.५ सेंमी × ३.५ सेंमी, २०० × २३० पिक्सेल असल्यास उत्तम, फाइल २० ते ५० केबी.

या एका सूचनेत तीन जातींची मापं आहेत. सेंटिमीटर हे कागदाचं माप, पिक्सेल हे चित्राचं आणि केबी हे फाइलच्या वजनाचं. फॉर्म भरणारा तिसऱ्या मापामागे धावतो, कारण पोर्टल अडवतं ते तिथेच. फोटो खराब होतो तो मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या मापाकडे लक्ष न दिल्यामुळे. पुण्यात शास्त्री रोड, नवी पेठ, सदाशिव पेठ या भागांत अभ्यासिका, खानावळी आणि झेरॉक्सची दुकानं एकमेकांना लागून आहेत. तिथे फॉर्म भरून देणाऱ्यांच्या शेजारी बसलं की हे लवकर लक्षात येतं. 'ताई, केबी कमी करून द्या' ही तिथली रोजची मागणी. 'ताई, पिक्सेल किती ठेवू?' असं मी कोणाच्या तोंडून ऐकलं नाही.

अशाच एका दुकानातल्या ताईंकडे मी हे काम पाहिलं. त्यांची कामाची रीत मला पटली आणि पुढे जे सांगायचं आहे त्याचा बराचसा भाग त्यांच्या टेबलावर घडलेला आहे. त्यांच्याकडे बीड जिल्ह्यातली एक मुलगी लिपिक पदाचा फॉर्म घेऊन आली होती. फोटो तिने स्वतःच मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये 'पन्नास केबी' करून आणला होता. पोर्टलने तो घेतलाही होता. पण पुढच्या पानावर दिसणारा फोटो मोठा करून पाहिल्यावर ती बिथरली. गालावर चौकोन चौकोन दिसत होते आणि केसांच्या कडेने राखाडी धूळ उडाल्यासारखी दिसत होती. 'ताई, फोटो फाटला,' ती म्हणाली. स्टुडिओत आणि फ्लेक्सच्या धंद्यात असल्या फोटोला फाटलेला फोटोच म्हणतात.

तो का फाटला हे समजायला जेपीईजी फाइलच्या आत काय चालतं ते थोडं पाहावं लागेल. हे मानक १९९२ साली आलं. त्याच्या मुळाशी असलेलं गणित त्याहून जुनं आहे आणि ते मांडणाऱ्यांत बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद आहेत. अमेरिकेत शिकवत असताना त्यांनी 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म'ची कल्पना मांडली. त्या कामासाठी त्यांनी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला होता, तो मिळाला नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह लिहिलेला त्यांचा शोधनिबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. आज सरकारी पोर्टलवर चढणारा जवळजवळ प्रत्येक चेहरा याच गणितातून जातो.

जेपीईजी चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं. प्रत्येक चौकोनाचं वर्णन ते दोन भागांत करतं: आधी त्या चौकोनाचा सरासरी उजेड, मग त्यातले चढउतार, अगदी सौम्य चढउतारांपासून बारीक रेषेपर्यंत. फाइल लहान करायची वेळ आली की सगळ्यात आधी बारीक तपशील टाकून दिला जातो, कारण गुळगुळीत भागात तो गेल्याचं डोळ्याला कळत नाही. आणखी लहान करायची झाली की मधला तपशीलही जातो. शेवटी प्रत्येक चौकोनात जवळपास फक्त सरासरी उरते आणि शेजारच्या दोन चौकोनांच्या सरासऱ्या जुळत नाहीत तिथे शिवण दिसायला लागते. गालावरचे चौकोन म्हणजे हेच. केसांच्या कडेची धूळही याचाच भाग आहे. काळे केस आणि पांढरी पार्श्वभूमी एकाच चौकोनात आली की त्या तीव्र कडेला बरेच आकडे लागतात आणि ते अपुरे पडले की उरलेली चूक कडेच्या आजूबाजूला पसरते.

आता त्या मुलीचा फोटो. मूळ फोटो मैत्रिणीने मोबाइलवर काढलेला, ३००० × ४००० पिक्सेलचा. तिने चेहऱ्याभोवती कापून तो १४०० × १६१० केला होता आणि मग ॲपमध्ये टाकून पन्नास केबी निवडले होते. ॲपने पिक्सेल तसेच ठेवले आणि दर्जा खाली खाली नेला. १४०० × १६१० मध्ये ८ × ८ चे साधारण ३५ हजार चौकोन बसतात. पन्नास केबी त्यांच्यात वाटले तर एका चौकोनाच्या वाट्याला दीड बाइटसुद्धा येत नाही. हाच फोटो २०० × २३० केला तर चौकोन होतात ७२५ आणि त्याच पन्नास केबीतून प्रत्येकाला सत्तर बाइट मिळतात. चौसष्ट पिक्सेलच्या काळ्यापांढऱ्या तपशिलाला सत्तर बाइट म्हणजे जवळपास काहीच टाकून द्यावं लागत नाही. रंगांचा वाटा त्यातून वेगळा काढला तरीही भरपूर उरतं.

म्हणून पन्नास केबीची मर्यादा २०० × २३० च्या फोटोला मुळीच कडक नाही. ज्यांना ती कडक वाटते त्यांनी पिक्सेल कमी करायच्या आधीच केबी कमी केलेले असतात.

दाबण्याचं प्रमाण मोजायला मला एक दुसऱ्या देशाचा नियम उपयोगी पडतो, कारण त्यात ते सरळ आकड्यात सांगितलं आहे. अमेरिकेच्या व्हिसाचा डीएस-१६० हा अर्ज मुलांकडे निघालेल्या कितीतरी मराठी आईवडिलांनी भरलेला असतो. त्यात चौरस फोटो लागतो, किमान ६०० × ६०० आणि कमाल १२०० × १२०० पिक्सेल, फाइल २४० केबीपर्यंत. शिवाय फोटो वीसास एक या प्रमाणापेक्षा जास्त दाबलेला नसावा अशी अट आहे. हे प्रमाण काढायला सोपं आहे. रंगीत चित्राच्या प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट लागतात, तेव्हा रुंदी गुणिले उंची गुणिले तीन हे न दाबलेलं वजन. त्याला फाइलच्या वजनाने भागायचं. मुलीच्या ॲपमधल्या फोटोचं प्रमाण येतं एकशे तीसास एकच्या आसपास. २०० × २३० चा फोटो पन्नास केबीत ठेवला तर ते तिनास एकहून कमी आणि वीस केबीत ठेवला तरी सातास एकपेक्षा कमी. फोटो वीसास एकच्या आत असेल तर चेहऱ्यावर चौकोन सहसा दिसत नाहीत. प्रमाण चाळीस-पन्नासच्या पुढे गेलं की दिसू लागतात.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. खूप पिक्सेल असलेला आणि खूप दाबलेला फोटो स्क्रीनवर लहान करून पाहिला तर त्यातले चौकोन बरेचसे लपतात. म्हणूनच त्या मुलीला मोबाइलच्या छोट्या चौकटीत आधी काही खटकलं नव्हतं. पण रंगांचे जे टप्पे पडलेले असतात, गालावर तांबूस आणि पिवळट असे डाग होतात, ते लहान करूनही जात नाहीत. शिवाय तो फोटो पुढे कोण किती मोठा करून पाहणार हे आपल्या हातात नसतं.

ताईंनी मूळ फोटो मागितला. 'ॲपमधला नको, गॅलरीतला पहिला. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको पाठवूस, डॉक्युमेंट म्हणून पाठव.' फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो पुन्हा दाबून पाठवतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की फाइल जशीच्या तशी जाते. आयफोनवाल्यांना त्या आणखी एक प्रश्न विचारतात. २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून, आयफोन फोटो एचईआयसी प्रकारात साठवू शकतो. त्याच्या नावाचं शेपूट बदलून .jpg केलं म्हणून तो जेपीईजी होत नाही, पोर्टल तो नाकारतंच. तो खरोखर बदलून घ्यावा लागतो.

त्या जिंप वापरतात, ते फुकट मिळतं. पहिलं काम कापण्याचं. इथे जाहिरातीतल्या मापांची गाठ पडते. ३.५ × ४.५ सेंमीचा फोटो २०० पिक्सेल रुंद केला तर त्याची उंची २५७ येते, २३० नव्हे. जास्तीचे सत्तावीस पिक्सेल कुठे घालवायचे? पुष्कळ ठिकाणी रुंदी आणि उंचीला जोडणारी साखळी तोडून दोन्ही चौकटींत आकडे टाकतात आणि चित्र तेवढ्यात कोंबतात. चेहरा बारा टक्के रुंद होतो. जबडा पसरतो, मान आखूड होते. परीक्षेच्या दारात हॉल तिकिटावरचा फोटो आणि समोरचा माणूस ताडून पाहतात, तिथे असा फोटो घेऊन जाणं मला धोक्याचं वाटतं. फाटलेल्या फोटोपेक्षा हा दोष वाईट आहे, कारण तो पटकन ओळखू येत नाही. ओळखायचा असेल तर डोळ्यातलं बुबुळ पाहावं. ते गोल असतं. ताणलेल्या फोटोत ते आडवं अंडाकृती दिसतं.

ताईंनी कापायच्या हत्यारात 20:23 हे गुणोत्तर पक्कं केलं आणि चौकट डोक्यावर थोडी जागा सोडून बसवली. जे जायचं ते खालून गेलं, म्हणजे छातीचा भाग. चौकट आली १४०० × १६१०. मुलीने आधी कापली होती तेवढीच, आणि हा योगायोग सोयीचा ठरला, कारण एकाच चौकटीचे दोन मार्ग शेजारी शेजारी ठेवून पाहता आले.

चौकट किती जवळ घ्यायची यावर तीक्ष्णपणा बराच अवलंबून असतो. हनुवटीपासून टाळूपर्यंतचा भाग उंचीच्या सत्तर टक्के ठेवला तर २३० पैकी १६० पिक्सेल चेहऱ्याला मिळतात. चेहऱ्याची रुंदी साधारण ११५ पिक्सेल होते, एक डोळा तेवीसेक पिक्सेल आणि बुबुळ नऊ-दहा पिक्सेल. नऊ-दहा पिक्सेलमध्ये बाहुली, तिच्याभोवतीचं वलय आणि उजेडाचा ठिपका कसाबसा मावतो. अर्ध्या छातीपर्यंतचा फोटो घेतला तर बुबुळाला पाच पिक्सेल उरतात आणि मग कोणतंही सॉफ्टवेअर लावा, डोळा काळा ठिपकाच दिसणार. 'फोटो ब्लर येतोय' या तक्रारीतला निदान एक हिस्सा कॅमेऱ्याचा किंवा केबीचा नसतो. चेहरा लांबून घेतलेला असतो.

मग आकार कमी करणं. १४०० वरून २००, म्हणजे सातपट. मूळचे ४९ पिक्सेल मिळून नवा एक पिक्सेल होतो. ही सरासरी नीट काढली तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने संध्याकाळच्या उजेडात आणलेले दाणे विरून जातात आणि चेहरा मूळ फोटोपेक्षा स्वच्छ दिसतो. नीट काढली नाही, म्हणजे ४९ पैकी एकच पिक्सेल उचलून बाकीचे सोडून दिले, तर भुवया आणि चष्म्याची काडी करवतीच्या दातांसारखी होते. जिंपमध्ये 'Scale Image' च्या खिडकीत 'Interpolation' असा पर्याय असतो. तो 'None' वर राहिला असेल तर हे दाते येतात. 'Cubic' किंवा 'NoHalo' ठेवावा. आणि हे काम एकदाच करावं. आधी ८००, मग ४००, मग २०० अशा पायऱ्यांनी गेलं आणि दर पायरीला जेपीईजी म्हणून जतन केलं, तर प्रत्येक वेळी थोडा तपशील कायमचा जातो.

सरासरीने कडा थोड्या मऊ होतात. म्हणून आकार कमी केल्यानंतर, आधी नाही, हलकी धार लावायची. जिंपमध्ये ती 'Sharpen (Unsharp Mask)' मध्ये आहे. तिथे 'Radius' तीन असतो, तो २०० पिक्सेलच्या चेहऱ्याला फार मोठा आहे. तीन पिक्सेलची धार लावली तर बुबुळाभोवती पांढरं कडं उमटतं आणि ओठांना पेन्सिलीने रेघ ओढल्यासारखं होतं. ताईंनी 'Radius' ०.५ केला, 'Amount' ०.६ ठेवला आणि पापण्यांकडे पाहत बसल्या. 'पापणी वेगळी दिसली की थांबायचं. केस चमकायला लागले की जास्त झालं.' मला वाटतं याहून सोपी खूण सांगता येणार नाही.

शेवटी जतन करणं. इथे जिंप एक चांगली सोय देतं. 'Show preview in image window' वर खूण केली की दर्जाची पट्टी सरकवताना फाइलचं वजन समोर दिसत राहतं. नव्वदला वजन आलं चौदा केबीच्या आसपास. मुलगी म्हणाली, 'झालं ना, पन्नासच्या आत आहे.' ताईंनी जाहिरातीतल्या 'वीस'वर बोट ठेवलं. खालच्या मर्यादेवर अडकणारे फॉर्म त्यांच्या मते वरच्या मर्यादेइतकेच असतात. कारण उघड आहे. पांढऱ्या पार्श्वभूमीचे चौकोन जवळजवळ रिकामे असतात आणि त्यांना बाइट लागत नाहीत, म्हणून २०० × २३० चा स्वच्छ फोटो नेहमीच्या दर्जाला वीस केबीच्या खालीच राहतो. अशा वेळी दर्जा वर न्यायचा असतो. पण तो मूळ फोटोवरून केलेल्या चित्राचा. चौदा केबीची फाइल उघडून ती शंभर दर्जाने पुन्हा जतन केली की वजन वाढतं, गेलेला तपशील येत नाही. 'केबी वाढवून देणारी' काही साधनं तर फाइलच्या शेवटी नुसते रिकामे बाइट चिकटवतात. जेपीईजी जिथे संपतं तिथे वाचणारं सॉफ्टवेअर थांबतं, तेव्हा त्याने चित्र बिघडत नाही आणि सुधारतही नाही. हातात मूळ फोटो असताना हे कशासाठी करायचं?

दर्जा वर नेण्याआधी ताईंनी एक पर्याय बदलला, आणि माझ्या मते सगळ्यात कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट ती आहे. जेपीईजी उजेड आणि रंग वेगळे साठवतं. डोळ्याला रंगाचा बारकावा कमी कळतो, म्हणून बहुतेक साधनं रंगाचा थर दोन्ही बाजूंनी अर्धा करून टाकतात. हजार-दीड हजार पिक्सेलच्या फोटोत ते कळत नाही. २०० × २३० च्या फोटोत मात्र रंगाचा थर १०० × ११५ चा उरतो. त्या मुलीच्या कपाळावर लाल टिकली होती, फोटोत जेमतेम चार पिक्सेलची. रंग अर्धा केल्यावर टिकलीचा लाल आजूबाजूच्या त्वचेत उतरला आणि ती विटकरी ठिपक्यासारखी दिसू लागली. ओठांच्या कडांचंही तेच. 'Subsampling' मध्ये '4:4:4' निवडलं आणि टिकली जागेवर आली. वजन वाढलं, पण इथे ते हवंच होतं. दर्जा ९६ ला फाइल तेवीस केबीच्या जवळ गेली आणि ९८ ला एकतीस. त्यांनी एकतीस ठेवली. दर्जाचे हे आकडे टक्के नसतात आणि प्रत्येक सॉफ्टवेअरची पट्टी वेगळी असते, म्हणून दुसऱ्या कुणाचा आकडा घेऊन चालत नाही. वजनाकडेच पाहावं. वरच्या टोकाला पन्नासच्या अगदी कडेला जाऊ नये. एक केबी म्हणजे १००० बाइट की १०२४, याचा हिशेब मोबाइल आणि पोर्टल वेगवेगळा करू शकतात, तेव्हा पंचेचाळीसला थांबणं बरं.

मोबाइलचा फोटो सोबत बरंच सामान घेऊन येतो: कॅमेऱ्याचं नाव, वेळ, कधी ठिकाण, आणि फोटोचीच एक छोटी प्रतिमा. एवढ्या लहान फाइलमध्ये ते सामान केबी खातं आणि आपलं ठिकाण पोर्टलला कळवण्याचीही गरज नसते, म्हणून जतन करताना ते वगळावं. पण फोटो उभा आहे की आडवा हेही पुष्कळदा त्याच सामानात लिहिलेलं असतं. आधी फोटो खरोखर उभा करून न घेता ते पुसलं तर अपलोड केलेला चेहरा आडवा झोपलेला दिसतो.

ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे आणि ज्यांना एकापाठोपाठ बरेच फोटो करायचे आहेत, त्यांच्यासाठी हाच क्रम इमेजमॅजिक या मोफत साधनाच्या एका आज्ञेत बसतो:

```
magick photo.jpg -auto-orient \
  -resize 200x230^ -gravity north -extent 200x230 \
  -unsharp 0x0.5+0.6+0.01 -strip \
  -sampling-factor 4:4:4 \
  -define jpeg:extent=45KB arj.jpg
```

दुसऱ्या ओळीतलं ^ हे चिन्ह चित्र न ताणता चौकट भरून घेतं, north मुळे जास्तीचा भाग खालून कापला जातो, आणि शेवटची ओळ पंचेचाळीस केबीच्या आत बसेल असा सर्वांत चांगला दर्जा स्वतः शोधते. मात्र चेहऱ्याभोवतीची चौकट आधी हातानेच घ्यावी लागते.

सगळ्यांकडे मूळ फोटो नसतो. तालुक्याच्या गावात स्टुडिओने आठ प्रती छापून दिलेल्या असतात आणि मुलगा त्यातली एक पाकिटातून काढून टेबलावर ठेवतो. पहिला प्रश्न स्टुडिओला फोन करून सॉफ्ट कॉपी मिळेल का हाच असावा. ३.५ × ४.५ सेंमीचा फोटो ३०० डीपीआयने छापायला ४१३ × ५३१ पिक्सेल लागतात आणि सॉफ्ट कॉपी सहसा तेवढी तरी असते. ती नसेल तर सपाट स्कॅनरवर ६०० डीपीआयने स्कॅन करावं. ८२७ × १०६३ पिक्सेल मिळतात. छपाईचे ठिपके आणि कागदाचा खरबरीतपणा लहान करताना सरासरीत निघून जातो. थेट कमी डीपीआयवर स्कॅन केलं तर तोच खरबरीतपणा चेहऱ्यावर बसतो आणि वर फाइलही जड करतो. छापील फोटोचा मोबाइलने फोटो काढणं हा शेवटचा उपाय. ट्यूबलाइटची चमक, तिरपा कोन आणि हाताची सावली या तिन्ही गोष्टी त्यात येतात. स्क्रीनशॉट तर घेऊच नये. त्यात फोटोचे नाही, स्क्रीनच्या चौकटीत दिसणारेच पिक्सेल येतात.

काही जाहिरातींत पिक्सेल दिलेलेच नसतात, फक्त सेंटिमीटर आणि केबी. तिथे २०० × २३० वर उतरायचं कारण नाही. ४१३ × ५३१ चा फोटो पंचेचाळीस केबीत ठेवला तर दाबण्याचं प्रमाण चौदास एक येतं, म्हणजे वीसच्या आत. हॉल तिकिटावर ३.५ सेंमी रुंदीत छापला तर ३०० डीपीआय मिळतात, २०० पिक्सेलच्या फोटोला जेमतेम १४५ मिळाले असते. छापलेल्या कागदावर हा फरक उघड्या डोळ्यांनी दिसतो. डीपीआयचा आकडा फाइलमध्ये बदलून मात्र काही घडत नाही; ती नुसती नोंद असते, पिक्सेल तेवढेच राहतात.

सहीचं प्रकरण फोटोपेक्षा विचित्र आहे. त्याच जाहिरातीत सहीसाठी १४० × ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी असं लिहिलेलं असतं. गुणाकार करून पाहा. १४० गुणिले ६० म्हणजे ८४०० पिक्सेल. काळ्यापांढऱ्या चित्राला प्रत्येक पिक्सेलला एक बाइट धरला, तर न दाबताच ते सव्वाआठ केबीत संपतं. पांढऱ्या कागदावरची काळी सही दाबल्यावर दहा केबीला पोचणं अवघडच. उमेदवार रात्रभर झगडतात ते या गणिताशी. सुटका 'असल्यास उत्तम' या शब्दांत आहे. १४:६ हे गुणोत्तर तसंच ठेवून सही ४२० × १८० केली की चांगल्या दर्जाला ती दहाच्या पुढे जाते आणि रेषाही गुळगुळीत येते. सही मोठ्या स्कॅनमधून थेट ४२० वर आणायची. १४० ची ताणून ४२० करायची नाही. कागद राखाडी दिसत असेल तर 'Levels' मध्ये पांढरा बिंदू कागदाच्या रंगावर आणायचा, पण इतका नाही की पेनाची पातळ सुरुवात पुसली जाईल. सही ताडून पाहणारा तीच पाहतो.

अलीकडे आयबीपीएसच्या अर्जात वेबकॅम किंवा मोबाइलने तिथल्या तिथे काढलेला फोटोही द्यावा लागतो आणि स्टाफ सिलेक्शन कमिशननेही थेट फोटोची पद्धत आणली आहे. त्यात केबी उमेदवाराच्या हातात नसतात, पण उजेड असतो. खिडकीकडे तोंड करून उभं राहावं, मागे साधी भिंत असावी, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर असावा, चष्म्यावर ट्यूब चमकू नये. आयबीपीएसच्या सूचनांतही स्वच्छ उन्हात फोटो काढत असाल तर सूर्य मागे ठेवा किंवा सावलीत या, म्हणजे डोळे बारीक होणार नाहीत, असं सांगितलेलं आहे. भिंत साधी आणि उजेड सारखा असला की चौकोनांना बाइट कमी लागतात आणि तेच बाइट डोळ्यांना मिळतात, हे अपलोडच्या फोटोलाही तितकंच लागू आहे.

त्या मुलीला ताईंनी दोन फाइली दिल्या. एक एकतीस केबीची, फॉर्मला लावलेली. दुसरी ३००० × ४००० ची मूळ, नाव बदलून, ईमेलवर पाठवलेली. पुढच्या जाहिरातीत पिक्सेल वेगळे असतील, कुठे चौरस मागतील, कुठे दोनशे केबी चालतील, आणि २०० × २३० च्या फाइलमधून त्यातलं काहीच नीट निघणार नाही. मुलीने फॉर्मच्या शेवटच्या पानावरचा फोटो स्क्रीनवर तीनपट मोठा केला, डोळे पाहिले, टिकली पाहिली, आणि मग फी भरायच्या पानावर गेली.